नव्या क्रशबद्दल तीन पानं काढली, पण भूतकाळाच्या जागेवर नेमकं काय वाचायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. टॅरो शिकायला लागून जेमतेम दोन महिने झालेत, त्यामुळे चुकत असेन तर सरळ सांगा.

आमच्या फोटोग्राफीच्या गटात पाच आठवड्यांपूर्वी एक मुलगा आला. आवडतो. आमचं बोलणं म्हणजे फोटोंवरचं बोलणं आणि कधीतरी रात्री उशिरा एखादा मेसेज, त्यापलीकडे काही नाही. त्याच्या मनात माझ्याबद्दल खरंच काय आहे, हा प्रश्न मनात धरून काल रात्री भूत-वर्तमान-भविष्य अशी तीन पानं काढली. गड्डी नेहमीची रायडर-वेट.

भूतकाळ: फोर ऑफ कप्स
वर्तमान: पेज ऑफ कप्स, उलटं
भविष्य: टू ऑफ स्वॉर्ड्स

गड्डीबरोबर आलेल्या पुस्तिकेत पहिल्या पानाला कंटाळा, दुसऱ्या उलट्या पानाला अपरिपक्वता आणि वाईट बातमी, तिसऱ्याला कोंडी असं दिलंय. म्हणजे त्याला माझा कंटाळा आलाय, तो पोरकट आहे आणि पुढे काही होणार नाही? पण पाच आठवड्यांत कंटाळा येण्याइतकं आमच्यात काही घडलेलंच नाही. मग मी परत पिसून पानं काढली, तर लव्हर्स, टेन ऑफ स्वॉर्ड्स आणि स्टार आली. तिसऱ्यांदा काढली ती आता आठवतही नाहीत. रात्रभर डोक्यात हेच. कुठलं खरं धरायचं?

चांदणचुरा

पहिलंच खरं धर. मला तर अगदी स्पष्ट दिसतंय. कप्स म्हणजे भावना आणि भूतकाळात चौका, म्हणजे त्याचं आधी ब्रेकअप झालंय आणि तो त्यातून बाहेर आलेला नाही. चौका म्हणजे चार महिने झाले असावेत. आणि तिन्हींत एकही मेजर नाही, म्हणजे हे प्रकरण फार खोल जाणारं नाही. मन घट्ट कर.

पाऊलवाट_३

मीही पत्त्यांवर बघतो, लहानपणी घरातल्या मोठ्यांकडून शिकलो. पण तुमची पानं कळली नाहीत. कप्स म्हणजे बदाम का? तसं असेल तर बदाम चौकी, बदाम गुलाम आणि इस्पिक दुर्री. आमच्याकडे बदाम गुलाम म्हणजे मनाने चांगला, पण कच्चा मुलगा. उलटं-सुलटं आम्ही मानत नाही, कारण आमचा गुलाम दोन्हीकडून सारखाच दिसतो.

सांजवात

रानजाई, घाबरू नकोस. तुझी पानं चांगली बोलकी आहेत, पुस्तिकेने उगाच गोंधळ केलाय. सवडीने लिहिते.

आधी तुझ्या मूळ प्रश्नाचं. "पाच आठवड्यांत कंटाळा येण्याइतकं काही घडलेलंच नाही" असं तू लिहिलंस, तो प्रश्न अगदी बरोबर आहे. भूत-वर्तमान-भविष्य ही मांडणी जुन्या नात्यावर सहज बसते, कारण तिथे दोघांचा मिळून काही भूतकाळ असतो. नव्या क्रशच्या बाबतीत ती पहिली जागा जवळजवळ रिकामी असते. मग माणूस ती कशाने तरी भरतो. कोणी त्याचं ब्रेकअप घालतं, कोणी मागच्या जन्माचं नातं. म्हणून पिसायला घेण्याआधीच ठरवायचं की ही जागा कोणाची आणि कधीची. मी नव्या ओळखीसाठी ती अशी वाचते: मी समोर येण्याआधी आणि आल्या-आल्या हा माणूस कसा होता, मन उघडं होतं की मिटलेलं. मधली जागा म्हणजे आत्ता त्याच्याकडून माझ्यापर्यंत काय पोचतंय. तिसरी म्हणजे आहे हे असंच चालू राहिलं तर हे कुठे झुकेल. "तो पुढे काय करणार" असा प्रश्न तिसऱ्या जागेला विचारत नाही. "खरंच मनात काय आहे" हा शब्दही मी काढून टाकते, कारण त्या "खरंच"ला अंत नसतो. कुठलंही पान आलं तरी त्याच्याखाली आणखी काही दडलंय असं वाटत राहतं.

आता एक सांग. पानं पिसतेस कशी? हातात धरून वरखाली करतेस की जमिनीवर पसरून दोन्ही हातांनी फिरवतेस? आणि उलटी पानं धरायची हे तू आधी ठरवलं होतंस का?

रानजाई

हातात धरूनच पिसते, गड्डी मोठी असल्यामुळे पसरायला भीती वाटते. उलट्या पानांचं ठरवलं असं काही नव्हतं. उलटं आलं म्हणून पुस्तिकेत उलट्याचा अर्थ बघितला.

सांजवात

मग तिथेच एक गोम आहे. नवी गड्डी सगळी सुलटी असते. हातात धरून नुसती वरखाली केली तर कितीही पिसली तरी एकही पान उलटं होत नाही. उलटी पानं तयार होतात ती गड्डी कापताना अर्धा गठ्ठा फिरवून परत ठेवला किंवा पसरून घोळली तर. म्हणजे तुझ्या हातून कधीतरी थोडी पानं फिरून गड्डीत बसलीत. गड्डी एकदा उघडून बघ. मोजकीच पानं उलटी असतील आणि त्यातली बरीचशी एकमेकांना लागून असतील, तर ते पान उचलून ठेवताना फिरलेलं, एवढंच.

पहिले काही महिने सगळी सुलटीच वाच. 78 पानांची 78 चित्रं आधी ओळखीची होऊ देत. सगळी पानं एका दिशेला लाव, आणि कालचं पेज ऑफ कप्सही सुलटं धर.

निळावंती

सांजवात, इथे मला थोडं वेगळं वाटतं. आधी ठरवलं नव्हतं हे खरं, पण पान उलटं आलं ते आलंच ना? मी उलट्या पानाचा अर्थ उलटा करत नाही. तीच गोष्ट आतल्या आत अडकली आहे असं वाचते. पेज ऑफ कप्स उलटं म्हणजे आवडतंय, पण दाखवता येत नाही. नव्या ओळखीत हे कितीतरी साहजिक आहे. पुस्तिकेतली "वाईट बातमी" मात्र मीही धरणार नाही.

सांजवात

निळावंती, तुझा अर्थ सुंदर आहे आणि तो इथे बसतोही. पण आज "आलं ते आलंच" म्हटलं की उद्या नको असलेलं पान उलटं आल्यावर "मी ठरवलं नव्हतं" म्हणायची वाट मोकळी राहते. नवख्या माणसाने एकच रीत धरावी असं मला वाटतं. आपण दोघी यावर भिन्न राहू.

शून्यगणित

मी टॅरो मानत नाही, पण चांदणचुरा यांच्या "एकही मेजर नाही म्हणजे प्रकरण खोल नाही" या वाक्यासाठी आकडेमोड केली. 78 पैकी मेजर 22 आणि बाकीची 56. तीन पानं काढली तर एकही मेजर न येण्याची शक्यता 36 टक्के. म्हणजे सरासरी दर तीन वेळांत एकदा तरी असं होतं. त्यावरून कुणाच्या भावनांची खोली ठरवणं पानांवरही अन्याय आहे.

कप्सची 14 पानं असतात. तीनात निदान एक कप्स येण्याची शक्यता 45 टक्के, दोन किंवा जास्त येण्याची साधारण 8. तेव्हा एक कप्स आलं म्हणून हुरळून जाऊ नये. दोन आली हे थोडं विरळ, एवढं मी द्यायला तयार आहे.

चांदणचुरा

शून्यगणित, आकडे पटले, मेजरबद्दलचं मागे घेते. मी जिथे शिकले तिथे तसं सांगितलं होतं. पण ब्रेकअपचं मी सोडत नाही. फोर ऑफ कप्समधला माणूस किती उदास बसलाय बघा.

सांजवात

चला, आता चित्रंच बघू. खरं रीडिंग तिथेच आहे. रानजाई, तिन्ही पानं समोर ठेव.

ही गड्डी 1909 साली लंडनमध्ये निघाली. कल्पना वेट यांची, पण चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आधीच्या बहुतेक गड्ड्यांत चौका म्हणजे नुसते चार पेले मांडलेले असायचे. स्मिथ यांनी एक्क्या-दुर्रीपासून सगळ्या छोट्या पानांत प्रसंग रंगवले. तेव्हा पुस्तिकेतला एक शब्द उचलण्यापेक्षा त्या चित्रातला माणूस काय करतोय ते बघायचं. (पाऊलवाट_३, तुमच्या पानांशी नातं आहेच. पण टॅरोत प्रत्येक रंगाची 14 पानं असतात, 13 नाही. गुलाम, राणी, राजा यांच्या जोडीला एक घोडेस्वार जास्त असतो. आणि तुमच्या बदाम चौकीत माणूस नाही, त्यामुळे पुढचं तुम्हाला आमच्या पानांवरच बघावं लागेल.)

फोर ऑफ कप्स. झाडाखाली एक तरुण मांडी घालून बसलाय. समोर गवतात तीन पेले उभे आहेत आणि ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय. चांदणचुरा, यातला एकही पेला सांडलेला नाही. सांडलेले पेले फाइव्ह ऑफ कप्समध्ये असतात, तिथे काळ्या झग्यातला माणूस तीन लवंडलेल्या पेल्यांकडे बघत उभा असतो. ब्रेकअपचं, दुःखाचं पान ते. इथे काही गमावलेलं नाही, फक्त पुढे आलेल्या पेल्याकडे लक्ष नाही. म्हणजे तू गटात दिसलीस तेव्हा त्याचं कुणाकडे बघायचं मनच नव्हतं. तुझा कंटाळा नव्हे. तू तर तो चौथा पेला आहेस, अजून न पाहिलेला.

पेज ऑफ कप्स. फुलाफुलांचा अंगरखा घातलेला पोरगेला मुलगा, एका हातात पेला, दुसरा कमरेवर. पेल्यातून एक मासा डोकं वर काढून त्याच्याकडे बघतोय आणि तोही माशाकडे बघतोय. पेल्यात मासा असेल ही त्याची अपेक्षाच नव्हती. नव्या आवडीचं इतकं नेमकं चित्र दुसरं नाही. कुतूहल आहे, गंमत वाटतेय, थोडं नवल वाटतंय. पण पेज म्हणजे पेज. तो घोड्यावर बसून निघालेला नाही, नाइट ऑफ कप्ससारखा पेला घेऊन कुणाकडे येतही नाही. तो अजून माशाकडेच बघतोय. "प्रेमात पडलाय" हे या पानात नाही, आणि तू तसं वाचू नयेस.

टू ऑफ स्वॉर्ड्स. डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई दगडी बाकावर बसलीय, दोन तलवारी छातीवर फुली करून धरल्या आहेत.

आता एक गोष्ट बघ. पहिल्या पानातल्या मुलाचे हात कुठे आहेत? छातीवर घडी. तिसऱ्या पानातल्या बाईचे? छातीवर फुली. तिन्हींत फक्त मधल्याचा हात मोकळा आहे आणि त्या हातात पेला आहे. तीन सुटी पानं वाचायची नाहीत, हे एक वाक्य वाचायचं: आधी मिटलेलं होतं, आत्ता उघडलंय, आणि आहे तसंच चालू राहिलं तर परत मिटेल.

रानजाई

सांजवात, मी पानं समोर घेऊन बसले आहे आणि अंगावर काटा आला. हातांकडे मी बघितलंच नव्हतं. आणखी एक दिसलं, बरोबर आहे का सांगा. पेजच्या मागे समुद्राच्या लाटा आहेत आणि पट्टीवाल्या बाईच्या मागेही पाणी आहे. दोघंही पाण्याकडे पाठ करून आहेत. पहिल्या पानात मात्र पाणी नाही, नुसतं गवत आहे.

सांजवात

अगदी बरोबर, आणि हे मी पाहिलं नव्हतं. पाणी म्हणजे भावना. तिसरं पान स्वॉर्ड्सचं असलं तरी मागे पाणी आहेच, त्यामुळे "पुढे काही उरणार नाही" असं म्हणता येत नाही. भावना असेल, पण तिच्याकडे पाठ फिरवून डोक्याने तोलत बसणं असेल. हे वहीत लिही, तारीख घालून.

कवडसा

एक प्रश्न. तिसऱ्या पानातली बाई तोच कशावरून? ती रानजाई का नसावी? एका रात्रीत तीनदा पानं काढली, पण त्याला एक साधा प्रश्न विचारला नाही. डोळ्यांवर पट्टी कोणाच्या आहे? त्या बाईला कुणी बांधून ठेवलेलं नाही. एट ऑफ स्वॉर्ड्समधल्या बाईचं अंगही बांधलेलं असतं. हिचे हात मोकळे आहेत. तलवारी खाली ठेवल्या की पट्टी तिलाच सोडता येईल.

निळावंती

कवडसा, +१. मलाही तसंच वाटलं.

सांजवात

शक्य आहे. पण मग पहिल्या दोन पानांत "तो" आणि तिसऱ्यात एकदम "मी" असं होतं. मधेच माणूस बदलला की रीडिंग आपल्याला हवं तिकडे वळवता येतं. जागा आधी ठरवायच्या म्हणते ते यासाठीच. पुढच्या वेळी वाटलं तर तिसरी जागा "आमच्या दोघांत काय होईल" अशी ठरवून ठेव. तेव्हा बाई कोणीही असली तरी चालेल. या वेळेपुरतं मी ती त्याचीच धरेन.

कवडसा

तुमची शिस्त मान्य, निष्कर्ष मान्य नाही. :-)

ओंजळभर

धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. रानजाई, परत परत पानं काढण्याबद्दल माझा अनुभव सांगते.

माझ्याबरोबर काम करणारा एकजण मला आवडायचा. मी पाच महिने जवळजवळ रोज रात्री अशीच तीन पानं काढायचे. वही ठेवली होती. एका रविवारी मागे जाऊन पहिल्यापासून वाचली तेव्हा कळलं की चांगली पानं आली त्या दिवशी मी पानभर लिहिलंय, आणि टॉवर किंवा थ्री ऑफ स्वॉर्ड्स आलं त्या दिवशी "आज दमले होते, नीट पिसलं नाही" एवढंच. काही दिवस तर कोरेच, कारण पहिलं आवडलं नाही म्हणून दुसरं काढलं आणि दुसरंच लिहून ठेवलं. पाच महिन्यांत त्याच्याबद्दल मला काहीच कळलेलं नव्हतं. कळलं ते इतकंच की मला काय ऐकायचं होतं. त्याचं लग्न ठरल्याचं मला बाकीच्यांबरोबरच कळलं. पाच महिने पानं काढणारी मी, आणि मला ते माहीत नव्हतं. वही अजून आहे, फेकवत नाही.

तेव्हा तुझ्या दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतली पानं सोडून दे. लव्हर्स आलं म्हणून ती फेरी आवडली असेल तरीसुद्धा.

सांजवात

ओंजळभर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पहिली फेरी का धरायची, याचं याहून चांगलं उत्तर मला देता आलं नसतं. दुसऱ्यांदा पिसतो तेव्हा प्रश्न बदललेला असतो. आधी "त्याच्या मनात काय" असं विचारलेलं असतं, नंतर "मला आवडेल असं काहीतरी दाखव" असं. रानजाई, मी स्वतःला मुदत घालून घेते. या प्रश्नावर तीन आठवडे पानं काढायची नाहीत. मधे काय घडलं ते मात्र रोज दोन ओळी लिहायचं.

सावळाराम

मला या सगळ्या प्रकाराबद्दलच एक शंका आहे. ज्याला विचारलेलं नाही त्याच्या मनात डोकवायचं, हे बरोबर आहे का? माझ्याबद्दल कुणी अशी पानं काढून इथे हात-पाय-मासे यांची चर्चा केली, तर मला आवडणार नाही.

निळावंती

सावळाराम, मुद्दा रास्त आहे. मी दुसऱ्यांसाठी पानं वाचते तेव्हा "त्याला काय वाटतं" हा प्रश्न घेतच नाही. "मी त्याच्याशी कशी वागतेय, मला काय दिसत नाहीये" असा करून घेते. पण नव्याने शिकणारी बहुतेक माणसं याच प्रश्नापासून सुरुवात करतात, मीही केली होती. सांजवातने केलेला बदल, म्हणजे "त्याच्याकडून माझ्यापर्यंत काय पोचतंय", हा मला मधला मार्ग वाटतो. त्यात त्याच्या मनाचं कुलूप तोडायचं नसतं.

सावळाराम

शब्द बदलले, डोकावणं तेच राहिलं. असो. माझं मत नोंदवून थांबतो.

मध्यरात्र

अवांतर: माझ्याकडे मार्सेय पद्धतीची गड्डी आहे. तिच्यात फोर ऑफ कप्समध्ये चार पेले आणि वेलबुट्टी एवढंच आहे. मग हे हाताच्या घडीचं वगैरे मी कुठून आणू?

सांजवात

मध्यरात्र, आणायचंच नाही. तुमच्या गड्डीत आकडा आणि रंग यांवरच जास्त भर राहतो. चार म्हणजे स्थिर, बसलेलं, कप्स म्हणजे भावना, तेव्हा बसून गेलेली भावना. दोन म्हणजे समोरासमोर उभी ठाकलेली जोडी. स्मिथ यांची चित्रं मनात आणून त्या गड्डीवर चिकटवली तर दोन्हीकडचं बिघडतं. चांदणचुरा, चौका म्हणजे चार महिने हेही मी म्हणूनच धरत नाही. एकाच पानातला चार एकदा "स्थिर" आणि एकदा "चार महिने" असा वाचायला लागलो की त्याचा काहीही अर्थ काढता येतो. आकड्यावरून काळ काढायचाच असेल तर तेही पिसण्याआधी ठरवायचं.

चांदणचुरा

काळ काढायचं मलाही कधी जमलेलं नाही, खरं सांगायचं तर. पण शिकवलंय तसं लिहीत जाते.

पाऊलवाट_३

सांजवात, मी एका ओळखीच्यांकडून टॅरोची गड्डी मागून आणली आणि तुम्ही सांगितलेली तिन्ही पानं शोधून समोर ठेवली. माशाचं पान बघून खूप वेळ बसलो. आमच्या बदाम गुलामाला "कच्चा" म्हणतात ते या मुलाला बघून जास्त कळलं. तो वाईट नाही, अजून ठरलेलं नाही त्याचं. उलटं ठेवून पाहिलं तर माशासकट सगळं पाणी सांडेलसं वाटतं. निळावंतींच्या "अडकलं आहे"पेक्षा मला "सांडतंय" जास्त दिसलं.

निळावंती

पाऊलवाट, बघा, दोन दिवसांत तुम्ही माझ्यापुढे गेलात. "सांडतंय" हे मी लिहून ठेवलं.

रानजाई

गड्डी उघडून बघितली. एकूण 9 पानं उलटी होती, त्यातली 6 सलग. सांजवातने सांगितलं तसंच. सगळी सुलटी करून ठेवली. वहीत लिहिलं: पहिलं पान, तो, मला भेटण्याआधी, मिटलेला. दुसरं, तो, आत्ता, कुतूहल. तिसरं, तो, असंच राहिलं तर मिटेल. तारीख घातली. तीन आठवड्यांनी येते.

ओंजळभर

वाट बघते.

रानजाई

(तीन आठवडे झाले म्हणून धागा वर आणते.)

पानं काढली नाहीत, खरंच नाहीत. वही लिहिली. घडलं ते सांगते.

नवव्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला. गटाच्या सहलीत त्याने माझा नकळत एक फोटो काढला होता, मी हसतेय असा. सोबत लिहिलं होतं, "हा तुला न विचारता काढला. ठेवू की पुसू?" मी तो वाचला आणि चार दिवस उत्तर दिलं नाही. का, ते वहीत लिहिलंय: "पुढे मिटणारच आहे, मग कशाला." म्हणजे तिसरं पान मी मनाशी धरून बसले होते. पाचव्या दिवशी ओंजळभर यांचा अनुभव परत वाचला आणि "ठेव, आणि मलाही पाठव" असं लिहून टाकलं. त्याचं उत्तर दोन मिनिटांत आलं. त्याला वाटलं होतं मी रागावले, म्हणून तो गटात माझ्याशी बोलायचंच टाळत होता. येत्या रविवारी आम्ही दोघंच फोटो काढायला जाणार आहोत. त्याला काय वाटतं हे अजून मला माहीत नाही.

कवडसा

चार दिवस उत्तर न देणारी बाई. बाकावर बसलेली, दोन तलवारी घेऊन. मी म्हटलंच होतं.

शून्यगणित

रानजाई, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून विचारतो. त्याचा मेसेज आलाच नसता तर तुम्ही "पान खरं ठरलं, तो मिटला" असं लिहिलं असतं. मेसेज आला, तर "पान माझ्याबद्दल होतं". मग कोणती गोष्ट घडली असती तर पान चुकलं असं म्हटलं असतं?

सांजवात

शून्यगणित, हा प्रश्न मी टाळणार नाही. मी लिहिलेल्या वाक्याप्रमाणे तिसरं पान त्याचं होतं. त्या वाक्याच्या हिशेबाने ते अर्धंच जुळलं. तो गटात बोलायचं टाळू लागला इतपत खरं, पण तो आपणहून मिटलेला नव्हता. आणि मला जास्त टोचतंय ते वेगळंच. ते वाक्य मी लिहिलं नसतं तर रानजाईने चार दिवस उत्तर थांबवलं असतं का? पानाने सांगितलं म्हणून घडलं की मी तसं वाचलं म्हणून घडलं, हे मला वेगळं करता येत नाही. "मिटेल" हा शब्द मी फार ठामपणे वापरला. "आहे तसंच चालू राहिलं तर" हा भाग तिच्यापर्यंत पोचलाच नाही, आणि ते तिसऱ्या जागेचं अर्धं वाक्य होतं.

कवडसा

म्हणजे बाई तीच होती हे मान्य?

सांजवात

नाही. पण माझं वाचन अपुरं होतं हे मान्य.

पाऊलवाट_३

त्या मुलाने फोटो काढला, मग ठेवू का म्हणून विचारलं. मला तर यात मासाच दिसतो. पेल्यात अचानक काहीतरी सापडलं आणि काय करायचं कळत नाही.

रानजाई

पाऊलवाट, हे वाचून खूप छान वाटलं.

मी वहीतलं ते पान परत उघडलं होतं. "तिसरं, तो" असं लिहिलेलं खोडलं नाही. त्याच्याखाली आजची तारीख घालून "की मी?" एवढंच लिहिलं. रविवारनंतर नवी पानं काढेन तेव्हा तिसरी जागा "आम्ही दोघं" अशी ठेवणार आहे, आणि ते पिसायला घेण्याआधी लिहून ठेवेन.